सव्वाआठ पॉइंटाची कॅपिटलं

थोरलीच्या नजरेतून केसभरही काही सुटत नसे, आणि याचा तिला अभिमान होता, हे सांगायला लाजण्यात अर्थ नाही. दोन अक्षरांमध्ये केसभर जागा जास्त झाली तर ती ओळ तिला दातात अडकलेल्या कणासारखी छळायची. एकोणीस वर्षं ती सासऱ्यांच्या अक्षरजुळणीच्या कामात होती. खाली तीन खोल्यांमध्ये काम, वर घर. प्रकाशक हस्तलिखित पाठवायचे, इथून छपाईसाठी तयार पानं जायची. घरात बोलणं सगळं मराठी, पण येणारी पुस्तकं बहुतेक रोमन लिपीतली.

त्या लिपीबद्दल सासऱ्यांचा एक लाडका विनोद होता. "आपल्या अक्षरांना कसलाच मानपान नाही, सगळी एका रेघेखाली गुण्यागोविंदाने राहतात. पण या रोमनच्या घरात थोरली वेगळी, धाकटी वेगळी. कॅपिटल म्हणजे थोरली, एकटी आली तर शोभते. चार-पाच थोरल्या एकदम आल्या की आरडाओरडा सुरू!" हा विनोद ते एकोणीस वर्षं करत होते, आणि थोरली एकोणीस वर्षं हसत होती. धाकटी सून आल्यापासून मात्र तिला तो ऐकवेना.

आरडाओरड्याचं म्हणणं खरंच होतं. संस्थांची, खात्यांची, आजारांची लांबलचक नावं आद्याक्षरांत लिहिली की मजकुराच्या मध्येच चार-पाच कॅपिटलं उभी राहतात आणि सगळं पान त्यांच्याकडेच बघत बसतं. म्हणून चांगल्या पुस्तकात तिथे स्मॉल कॅप्स वापरतात. रूप कॅपिटलचं, उंची मात्र शेजारच्या लहान अक्षरांएवढी, फार तर किंचित जास्त. खरी स्मॉल कॅप्स ज्याने फॉन्ट काढला त्याने वेगळी बसून काढलेली असतात, त्यामुळे त्यांच्या रेघा शेजाऱ्यांइतक्याच जाड असतात. ज्या फॉन्टमध्ये ती नसतात तिथे कॉम्प्युटर मोठी कॅपिटलंच दाबून लहान करतो. उंचीबरोबर रेघही बारीक होते, आणि ती अक्षरं पानावर आजारातून उठल्यासारखी दिसतात.

घरचा जो फॉन्ट होता, ज्याच्यावर सासऱ्यांचा जीव होता, त्यात खरी स्मॉल कॅप्स नव्हतीच. आणि थोरलीची सगळी कीर्ती नेमकी इथेच होती. ती कॉम्प्युटरच्या बटणावर विसंबत नसे. मजकूर अकरा पॉइंटाच्या मापात असेल तर ती त्याच फॉन्टचं एक पायरी जाड रूप घ्यायची, त्यातली कॅपिटलं सव्वाआठ पॉइंटाला लावायची आणि अक्षरांमध्ये केसभर जागा सोडायची. जाड रेघ लहान झाली की बरोबर शेजाऱ्यांएवढी व्हायची. ही मात्रा तिची स्वतःची, कुठे शिकलेली नव्हे. सासरे भिंगातून पान बघायचे आणि म्हणायचे, "थोरलीचा हात लागलाय." मग ती पानाच्या खालच्या कोपऱ्यात निळ्या पेन्सिलीने बरोबरची खूण करायची. त्या खुणेशिवाय या घरातून पान छापायला जात नसे.

आठ महिन्यांपूर्वी धाकट्या दिरांचं लग्न झालं आणि धाकटी आली. ती अक्षरं काढायला शिकलेली. जुळवायला नव्हे, काढायला! सासऱ्यांना तर आकाश ठेंगणं झालं. पहिल्याच आठवड्यात तिने थोरलीने लावलेलं एक जुनं पुस्तक उचललं, डोळ्यांजवळ नेलं, आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "वहिनी, ही खोटी आहेत ना? खोटी असून कळतसुद्धा नाहीत!"

तिला कौतुकच करायचं होतं. पण थोरलीच्या कानात शिरला तो एकच शब्द, आणि तो तिथेच मुक्काम ठोकून राहिला. खोटी. एकोणीस वर्षांच्या कामाला एका शब्दात कुणी असं नाव ठेवावं? रात्री नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "अगं, तांत्रिक शब्द असेल तो." तांत्रिक! थोरलीने कूस बदलली आणि मनात म्हणाली, तुला तांत्रिक थोबाडीत मारली असती म्हणजे कळलं असतं.

तेव्हापासून तिला धाकटीचं सगळंच खुपायला लागलं. ती हसायची ते खुपायचं. ती चहाचा कप टेबलावर कागदाच्या इतक्या जवळ ठेवायची ते खुपायचं, आणि तो कधीच सांडायचा नाही हे त्याहून जास्त खुपायचं. सासरे आता नवीन फॉन्ट बघायचा झाला तर आधी धाकटीला हाक मारायचे. स्वतःचं भिंग, ज्याला थोरलीनेही विचारूनच हात लावला होता, ते त्यांनी धाकटीला चक्क आठवडाभर वापरायला दिलं. थोरली वरवर म्हणाली, "वा, छान झालं," आणि आतून जळून कोळसा झाली.

शिवाय धाकटीचं काहीतरी गुपित चाललं होतं. गेले चार महिने कामातून वेळ मिळाला की ती स्क्रीनला नाक लावून काहीतरी काढत बसायची, आणि थोरली जवळून गेली की पटकन दुसरी खिडकी वर आणायची. थोरलीने न बघितल्यासारखं केलं. न बघितल्यासारखं करणं हे काही साधं काम नाही, दिवसाचे तीन-चार तास त्यातच जायचे.

अशात डॉक्टरीणबाईंचं काम आलं. या सत्तरीच्या बाई, सगळा जन्म सरकारी आरोग्यखात्यात गेलेला, आणि त्यांनी साथीच्या रोगांचा सहा खंडांचा इतिहास लिहिला होता. पानोपानी आद्याक्षरं. दुसऱ्या एका ठिकाणी लावून घेतलेलं नमुन्याचं पान त्यांनी सासऱ्यांपुढे ठेवलं. "हे बघा. पान उघडलं की कुणीतरी अंगावर ओरडतंय असं वाटतं. मी चाळीस वर्षं मिटिंगांमध्ये ओरडणं ऐकलंय. पुस्तकात नको."

सासऱ्यांनी दोन्ही सुनांना बोलावलं. त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन ठरलं होतं आणि पुढच्या महिन्यापासून ते खाली येणार नव्हते. "दोघींनी पहिलं प्रकरण आपापलं वेगळं लावा," ते म्हणाले. "पानांवर नाव नको. गुरुवारी बाई येतील आणि निवडतील. जिचं पान, तिच्याकडे सहा खंड. आणि निळी पेन्सिलही तिच्याकडेच." थोरलीच्या टेबलावरची पेन्सिल त्यांनी उचलून आपल्या खिशात ठेवली.

धाकटी म्हणाली, "अहो बाबा, पेन्सिल वहिनींचीच आहे ना."

हे ऐकून एखादीला बरं वाटलं असतं. थोरलीला वाटलं, ही कोण मला माझी पेन्सिल दान करणार? "नाही, नाही," ती गोड आवाजात म्हणाली, "परीक्षा म्हणजे परीक्षा." आणि स्वतःच्या टेबलाशी जाऊन बसली. एकोणीस वर्षांनी परीक्षा! तीही कालच्या मुलीबरोबर! पेन्सिल गेली तर उरणार काय? मग ती फक्त वरच्या मजल्यावरची थोरली सून. जेवायला काय करायचं हे तिला विचारतील, ओळ बरोबर आहे का ते दुसरीला.

बुधवारी दुपारी धाकटी जेवायला वर गेली. थोरली तिच्या टेबलाशी पट्टी आणायला गेली. पट्टी स्वतःच्या टेबलावरही होती, पण असो. धाकटीच्या टेबलावर तिच्या नमुन्याचं तपासून झालेलं पान पडलं होतं आणि शेजारी भिंग. थोरलीने भिंग लावलं.

 आद्याक्षरं मजकुरात अशी बसली होती की जणू तिथेच जन्मली. रेघेची जाडी शेजाऱ्यांएवढी, अंग जरासं रुंद, गळ्यात गळे न घालता मोकळी उभी. पानाच्या माथ्यावर, दर पानावर येणाऱ्या बारीक ओळीत, प्रकरणाचं नाव होतं, तिथे पहिलं अक्षर पूर्ण कॅपिटल आणि बाकीची स्मॉल कॅप्स. तिथेही मोठ्या अक्षराची आणि लहानांची रेघ एकच. थोरलीचं सव्वाआठ पॉइंटाचं काम चांगलं होतं, फारच चांगलं होतं. पण हे खरं होतं. हा फरक दुसऱ्या कुणाला दिसला नसता, तिला दिसला. चांगली नजर असण्याची हीच तर शिक्षा.

पण फॉन्ट तर घरचाच होता! घरच्या फॉन्टमध्ये ही अक्षरं आली कुठून? तिने धाकटीच्या कॉम्प्युटरवर फॉन्टचा फोल्डर उघडला. फाइलचं नाव तेच, तारीख मात्र नवीन. आतला अक्षरांचा तक्ता उघडला तर शेवटी स्मॉल कॅप्सची सबंध रांग, सव्वीसच्या सव्वीस. चार महिन्यांचं गुपित ते हे. अशी देखणी अक्षरं की तिला ती बघवेनात.

पुढचं तिने काही विचार करून केलं असं म्हणता येणार नाही, पण हात मात्र न चुकता चालले. नवीन फाइल तिने स्वतःकडे घेतली आणि तिच्या जागी जुनी ठेवली. नाव तेच, त्यामुळे कॉम्प्युटरने हूं की चूं केलं नाही. या घरात आद्याक्षरं लहान अक्षरांत टाइप करायची आणि स्मॉल कॅप्सचा ठसा मारायचा अशी धाकटीने नवी पद्धत पाडली होती. खरी अक्षरं सापडली की कॉम्प्युटर ती लावतो, नाही सापडली की न विचारता दाबलेली लावतो. थोरलीच्या डोळ्यांदेखत पान बदललं. आद्याक्षरं बारीक झाली, आखडली, एका ओळीत खालचा शब्द उडी मारून वर आला. तिने खिडकी होती तशी ठेवली, पट्टी उचलली आणि परत आली.

धाकटी पान पुन्हा तपासणार नाही हे तिला माहीत होतं. एकदा तपासून झालं की ती निर्धास्त. 'छापून आलेलं पान नव्याने बघायचं, कालच्या बघण्यावर भरवसा नाही' हे थोरलीनेच तिला पहिल्या महिन्यात सांगितलं होतं. आज आठवण करून द्यायची तिला काही गरज वाटली नाही.

मग तिने स्वतःचा नमुना मोडला. सव्वाआठ पॉइंटाची आपली सगळी अक्षरं काढून तिथे नवी खरी अक्षरं घातली. आद्याक्षरांत घातली, पानाच्या माथ्यावर घातली. शेवटी राहिला प्रकरणाचा मथळा. तो तिने बावीस पॉइंटाच्या साध्या कॅपिटलांत, मोकळ्या जागा सोडून, एका उंचीत लावला होता. शांत आणि सुरेख. पण आता तिला सगळंच खरं हवं होतं. धाकटीकडे जे आहे ते सगळं, शेवटच्या अक्षरापर्यंत. तिने मथळाही स्मॉल कॅप्समध्ये केला, आणि उंची कमी वाटली म्हणून तीस पॉइंटाला नेला.

अक्षरं बसकी दिसली, अंगाने जाड, खांदे पसरलेली. तिच्या डोळ्याला टोचलं. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा तिने डोळ्याला गप्प केलं. खरी आहेत ना? मग बरोबरच असणार.

गुरुवारी सकाळी धाकटीने चांगल्या कागदावर छापायचा हुकूम दिला आणि डॉक्टरीणबाईंच्या स्वागताला बाहेर गेली. निघालेली दोघींची पानं सासऱ्यांनीच उचलली आणि बैठकीच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवली.

डॉक्टरीणबाईंनी आधी चष्मा पुसला. मग दोन्ही पानं रुग्णाला तपासावं तशी वरपासून खालपर्यंत बघितली. थोरली भिंतीशी उभी होती.

"या पानाचा मथळा फार छान," बाई धाकटीच्या पानावर बोट ठेवून म्हणाल्या. "पण आत ही अक्षरं अशी का? मध्येच शाई संपली होती का?"

धाकटी हसत पुढे झाली, पानावर वाकली, आणि तिचं हसू जागच्या जागी विरलं. माथ्यावरच्या ओळीत पहिलं अक्षर जाड आणि पुढची सगळी काटकुळी. आद्याक्षरं जिथे तिथे फिकट ठिपक्यांसारखी.

"आणि हे दुसरं," बाई म्हणाल्या, "हे वाचावंसं वाटतं. इथे कुणी ओरडत नाही. मथळा तेवढा अंगावर येतो, एखादा जाडा माणूस दारात आडवा उभा राहावा तसा. तो बदलून द्या. पण मला हेच हवं."

सासऱ्यांनी भिंग लावलं. या पानावर, मग त्या पानावर, मग पुन्हा या. "मथळ्याला स्मॉल कॅप्स कशाला?" ते पुटपुटले. "ती अकरा पॉइंटाच्या लहान अक्षरांशेजारी उभी राहायला काढलेली, म्हणून अंगाने रुंद आणि दणकट. फुगवली की बोजड होतात. मथळ्यात सगळी अक्षरं एकाच उंचीची, शेजारी तुलना करायला कुणी नाही. तिथे साधीच कॅपिटलं थोडी लहान लावायची. त्यात काही खोटं नाही." मग त्यांनी धाकटीचं पान उचललं. "आणि हे तर कोडंच आहे. ज्या डोळ्याने हा मथळा केला तो डोळा खालची अक्षरं अशी सोडेल?"

धाकटीने दुसऱ्या पानावर वाकून बघितलं. स्वतःची अक्षरं तिने एका क्षणात ओळखली असणार. आईला पोर ओळखायला भिंग लागत नाही. तिने मान वर केली आणि थोरलीकडे बघितलं. थोरलीने खिडकीकडे बघितलं.

"माझंच चुकलं, बाबा," धाकटी म्हणाली. "फॉन्ट लोड करायचा राहिला असेल. छापल्यावर बघितलं नाही. वहिनींनी सांगितलं होतं, तरी."

सासऱ्यांनी खिशातून निळी पेन्सिल काढून थोरलीच्या हातात दिली. "एकोणीस वर्षं तुझीच होती," ते म्हणाले, "आता फक्त सांगून दिली." डॉक्टरीणबाईंनी टाळ्या वाजवल्या. थोरलीने वाकून नमस्कार केला. ती जिंकली होती.

पाहुण्या गेल्यावर ती टेबलाशी बसली होती तेव्हा धाकटी आली. हातात एक जाड फोल्डर. थोरलीने मनाची तयारी केली. भांडू दे. भांडली तर बरंच, मग आपल्यालाही दोन शब्द ऐकवता येतील.

"वहिनी," धाकटी म्हणाली, "तुम्हाला ती फाइल सापडली वाटतं."

"हो. म्हणजे, दिसली."

"मी आजच देणार होते. निकाल काहीही लागला असता तरी. तुमच्यासाठीच होती ती." तिने फोल्डर उघडला.

आत मोठ्या केलेल्या पानांच्या प्रती होत्या. थोरलीने ती पानं ओळखली. सगळी तिच्याच हातची, पंधरा-सोळा वर्षांपूर्वीपासूनची. प्रत्येकावर तिच्या सव्वाआठ पॉइंटाच्या अक्षरांभोवती लाल गोल, बाजूला बारीक अक्षरांत मापं: उभी रेघ इतकी, आडवी इतकी, दोन अक्षरांतली जागा इतकी.

"मी आल्या आल्या खोटी म्हणाले ना," धाकटी म्हणाली, "तेव्हा तुमचा चेहरा पडला. मला फार लागलं ते. आमच्या वर्गात शिकवायचे, स्मॉल कॅप्स काढायची तर आधी कॅपिटल लहान करून जाडी वाढवून बघायची आणि तिथून सुरुवात करायची. तुम्ही ते कुणी न शिकवता करत होतात. मी तुमच्याच अक्षरांवरून काढली. अंगाने जरा रुंद केली, आडव्या रेघा सारख्या केल्या, कोपरे नीट केले, बस. जागा तर तुमचीच ठेवली, केसभरसुद्धा बदलली नाही. बटण दाबलं की तुमची अक्षरं यावीत, रोज रोज हाताने मात्रा घालायला लागू नये, एवढंच."

थोरली त्या लाल गोलांकडे बघत राहिली. म्हणजे बुधवारी दुपारी भिंगातून बघून जिच्यावर ती जळली ती तिचीच नजर होती. इतके दिवस जिचं हसू, जिचा कप, जिचं नाक खुपत होतं ती पोर चार महिने हिच्या पानांपुढे वाकून बसली होती.

"माझंच कसं लोड झालं नाही, कळत नाही," धाकटी म्हणाली. "काल दुपारी तर होतं."

गप्प राहिलं असतं तरी चाललं असतं. प्रश्नसुद्धा नव्हता तो. थोरलीला तेवढं दिसत होतं, आणि तिने एक क्षण, अगदी एकच क्षण, ते गप्प राहणं चाखूनही बघितलं.

"राहिलं नव्हतं," ती म्हणाली. "मी काढलं. तू जेवायला गेलीस तेव्हा. जुनी फाइल ठेवली आणि तुझी मी घेतली."

धाकटीला आधी कळलंच नाही. मग कळलं. ते तिच्या चेहऱ्यावर वरून खाली उतरताना थोरलीने बघितलं, आणि यावेळी खिडकीकडे बघितलं नाही.

"चार महिने, वहिनी," धाकटी हळू आवाजात म्हणाली. "तुम्ही जवळून गेलात की मी खिडकी झाकायचे, तुम्हाला आधीच कळू नये म्हणून. आणि आज सगळ्यांसमोर मी म्हटलं, माझंच चुकलं. तुम्ही ऐकून घेतलंत." तिने फोल्डर मिटला, छातीशी धरला आणि आपल्या टेबलाशी जाऊन पाठ करून बसली. तिचे खांदे हलत होते. थोरलीला वाटलं जावं, पाठीवरून हात फिरवावा. पण तेवढा हक्क आता राहिला नव्हता.

ती वर गेली आणि सासऱ्यांना सगळं सांगितलं. एक शब्द लपवला नाही.  "डॉक्टरीणबाईंना फोन तू करशील," ते म्हणाले. "पान कुणाच्या अक्षरांचं ते सांगशील." थोरलीने पेन्सिल पुढे केली. त्यांनी हात मागे घेतला. "मी दिली ती दिली. आता ती कुठे ठेवायची ते तू बघ."

फोन केला. डॉक्टरीणबाई ऐकून म्हणाल्या, "चाळीस वर्षांच्या नोकरीत मी हे कुणाच्याच तोंडून ऐकलं नाही. केलेलं सगळ्यांनी असतं." मग म्हणाल्या, "पान मला तेच हवं. मथळा बदला."

थोरली खाली आली. आधी नवीन फाइल धाकटीच्या कॉम्प्युटरवर जागच्या जागी ठेवली. धाकटी शेजारी बसून बघत होती. मग थोरलीने आपलं पान उघडलं. मथळ्यातली बसकी अक्षरं काढली आणि साधी कॅपिटलं बावीस पॉइंटाला लावली, सगळी एका उंचीची, मधल्या जागा डोळ्याने जमवत, जसं ती एरवी करायची. आतली आद्याक्षरं खरी तशीच ठेवली. पान छापलं, उजेडात धरून नव्याने बघितलं. तिला त्यात काही चूक दिसली नाही. पेन्सिल कोपऱ्याशी नेली आणि तिथेच थांबली.

ते पान आणि पेन्सिल घेऊन ती धाकटीच्या टेबलाशी गेली आणि दोन्ही तिच्यापुढे ठेवली. बसली नाही, उभीच राहिली. एकोणीस वर्षांत आपलं पान दुसऱ्याच्या हातात देऊन असं उभं राहायची तिच्यावर वेळ आली नव्हती, हात कुठे ठेवावेत तेही तिला समजेना.

धाकटीने पेन्सिलीकडे बघितलं, मग तिच्याकडे. डोळे सुजलेले होते. माफ केलं असं त्यात काही दिसत नव्हतं. तिने भिंग ओढलं आणि पान बघायला लागली, सावकाश, ओळीमागून ओळ. घड्याळाचा काटा जागचा हलत नसल्यासारखं थोरलीला वाटलं. मथळ्यावर भिंग थांबलं, पुढे गेलं, परत मागे आलं. मग धाकटीने निळी पेन्सिल उचलली आणि मथळ्यातल्या तिसऱ्या आणि चौथ्या अक्षराच्या मध्ये एक बारीक उभी रेघ मारली.

"इथे अजून केसभर," ती म्हणाली.

थोरलीने वाकून बघितलं. बरोबर होतं. तिला स्वतःला दिसायला हवं होतं आणि दिसलं नव्हतं. तिच्या पोटात पुन्हा एकदा तीच जुनी जळजळ उठली, जराही कमी नाही. तिने पान उचललं, पेन्सिल मात्र तिथेच राहू दिली, जागेवर जाऊन बसली आणि केसभर जागा वाढवली.